एका दमात लिहिलेला निबंध तपासताना

दहावीच्या वर्गातला निबंध समजा. विषय ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’. दीड पान भरलंय, पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकही परिच्छेद नाही. बहुतेक शिक्षक समासात लाल शाईने ‘परिच्छेद पाडा’ असा शेरा देतात. मूल तो पाळतंही, दर पाच-सहा ओळींनी नवी ओळ सुरू करतं. पण मजकूर आहे तसाच राहतो, फक्त त्याचे तुकडे पडतात.

अशा वेळी शुद्धलेखन बाजूला ठेवावं. जी वाक्यं पुढे हलणार किंवा गळणार आहेत, त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात अर्थ नाही. मुलाला शेजारी बसवून पेन्सिल त्याच्याच हाती द्यावी. प्रत्येक वाक्य कशाबद्दल आहे, ते त्याने समासात एका शब्दात लिहायचं. बाजाराच्या निबंधाचा समास साधारण असा भरेल: गर्दी, गर्दी, भाजी, आजी, भाव, गर्दी, आजी, मॉल, भाव, आजी.

आता खरा दोष दिसतो. आजी तीन ठिकाणी विखुरली आहे. नुसत्या रेघा मारून हे सुटणार नाही, वाक्यं हलवावी लागतील. म्हणून शेराही नेमका हवा: ‘आजी भाव कसा करते हे तू तीन ठिकाणी लिहिलं आहेस. ती वाक्यं एकत्र आणून बघ.’ ती शेजारी आली की त्यातली दोन एकच गोष्ट सांगतात, हे मुलाच्याच लक्षात येतं. ‘मॉल’ मात्र एकटा उरतो. त्यावर आणखी दोन-तीन वाक्यं लिहायची की तो गाळायचा, हे मुलाने ठरवावं. शिक्षकाने रेघा मारून दिल्या, तर पुढचा निबंध पुन्हा सलगच येतो, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा खर्डा आला की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचावं. ‘ती कधीच पहिल्या भावाला घेत नाही’ अशी सुरुवात असेल, तर ‘ती’ कोण ते मागच्या परिच्छेदात शोधावं लागतं. एक तर तिथे ‘आजी’ असं लिहायला हवं, नाहीतर परिच्छेद चुकीच्या जागी तुटला आहे. ‘त्यामुळे’ने सुरुवात झाली तरीही असंच थांबून पाहावं. कारण वर आणि परिणाम खाली, असे दोन तुकडे बऱ्याचदा पडलेले असतात.

समासातला शब्द बदलला की परिच्छेद बदललाच पाहिजे, असं मात्र नाही. आजी आणि भाव हे शब्द वेगळे असले, तरी आजीची घासाघीस सांगताना दोन्ही एकाच परिच्छेदात नांदतात. उलट एखाद्या मुलाने बाजार उठतानाची संध्याकाळ अर्धं पान सलग रंगवली असेल आणि समासात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो मजकूर तोडू नये. तिथे शेरा द्यायचा तो त्या वर्णनावर.