कोलेस्टेरॉलची वाहतूक आणि औषधाची निवड

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रक्तातून त्यांची वाहतूक प्रथिनांनी वेढलेल्या कणांतून होते. हे कण म्हणजे लायपोप्रोटीन. जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉनमध्ये भरून निघते. यकृत स्वतः बनवलेले ट्रायग्लिसराइड व्हीएलडीएलमध्ये भरून रक्तात सोडते. केशवाहिन्यांच्या भिंतीवरचे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर दोन्हींतले ट्रायग्लिसराइड फोडते आणि त्यातली मेदाम्ले स्नायू व मेदपेशी घेतात. रिता होत गेलेला व्हीएलडीएल आधी आयडीएल होतो, मग एलडीएल. त्यात मुख्यतः कोलेस्टेरॉलच उरलेले असते. एचडीएल मात्र पेशींतले जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतो.

एलडीएल रक्तातून उचलतात ते प्रामुख्याने यकृतपेशींवरचे ग्राहक. या शोधासाठी मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. स्टॅटिनचे खरे काम कळते ते इथेच. ‘स्टॅटिन कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते’ हे उत्तर अर्धेच आहे. एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर अडले की यकृतपेशीला कोलेस्टेरॉलची टंचाई जाणवते, ती पृष्ठभागावर जास्त ग्राहक उभे करते आणि रक्तातला एलडीएल ओढून घेते. एझेटिमाइब आतड्यातले कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करून हीच टंचाई घडवते. पीसीएसके९ हे प्रथिन ग्राहकांचा नाश घडवून आणते. त्याला निष्प्रभ करणारी इंजेक्शने ग्राहक टिकवतात. तिन्ही वाटा एलडीएलपाशीच पोहोचतात.

फायब्रेटचा रोख वेगळा आहे. ते लायपेजचे काम वाढवते, त्यामुळे ट्रायग्लिसराइडने भरलेले कण लवकर रिते होतात.

एक नमुना अहवाल पाहू: एकूण कोलेस्टेरॉल २६०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ७०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. नेहमीच्या फ्रीडवाल्ड सूत्रात ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग हे व्हीएलडीएलमधले कोलेस्टेरॉल धरतात. म्हणून २६० मधून ३५ आणि १४० वजा केले की एलडीएल ८५ येतो. आकडा दिलासा देणारा, पण विश्वासार्ह नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे प्रमाण टिकत नाही. एचडीएल सोडून उरलेले कोलेस्टेरॉल २२५ आहे, आणि हा आकडा सूत्रावर अवलंबून नाही. अशा रक्ताचा द्रव दुधाळ दिसतो. तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर वर साय धरली तर कायलोमायक्रॉन आहेत, खालचा भाग गढूळच राहिला तर व्हीएलडीएल.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असताना स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका आधी विचारात घ्यावा लागतो. म्हणून मद्य बंद करणे, आहारातली चरबी व साखर कमी करणे आणि मधुमेह असल्यास तो आटोक्यात आणणे यांच्या जोडीने फायब्रेटचा विचार होतो. पित्ताम्ले बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिन इथे चुकीचे ठरते, कारण ते एलडीएल उतरवते, पण ट्रायग्लिसराइड वाढवू शकते. ट्रायग्लिसराइड खाली आल्यावर एलडीएल पुन्हा मोजतात. तो जास्त निघाला किंवा हृदयविकाराचा धोका मोठा असला, तर स्टॅटिन जोडतात. त्या जोडीत जेमफायब्रोझिल टाळून फेनोफायब्रेट वापरतात. जेमफायब्रोझिलमुळे स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढून स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो.