बावीस अधिक अडतीस

गेल्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी पलसाण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, पोरीचं वर्ष गेलं."

भाऊ तिथल्या एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात आहे. पुतणी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. विषय घरचाच म्हणावा असा, पलसाणा-कडोदरा पट्ट्यातल्या मिलच्या सांडपाण्याचा. तिने प्रबंधिका कॉलेजात जमा केली होती आणि तिची तपासणी होऊन पीडीएफ अहवाल घरी आला होता. पहिल्याच पानावर दोन आकडे, साम्य 22 टक्के आणि एआय लेखन 38 टक्के. कॉलेजच्या ऑफिसात कुणीतरी बेरीज करून सांगितलं, "साठ टक्के झाले. साठ म्हणजे एक वर्ष."

मी सुरतेत एका ग्रंथालयात नोकरीला आहे आणि असे अहवाल काढून देणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. म्हणून भावाला म्हटलं, बेरीज कुणीही केलेली असो, तिला घेऊन संध्याकाळी ये. येताना लॅबची वही आण आणि लॅपटॉप आण.

आधी त्या "एक वर्षा"बद्दल सांगतो, कारण भीती तिथली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले. त्यात प्रबंधांसाठी पायऱ्या आहेत. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. 10 ते 40 मध्ये ठरावीक मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. 40 ते 60 असेल तर सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर मनाई. 60 च्या वर नोंदणीच रद्द. आपल्या गुजरातेतच गांधीनगरला इन्फ्लिबनेट ही संस्था आहे. तिने 2019 पासून शोधशुद्धी या योजनेतून विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवलं, त्यामुळे या पायऱ्या आता प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात तोंडपाठ आहेत.

पण सालाकडे लक्ष द्या. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं नोव्हेंबर 2022 मध्ये. म्हणजे 2018 च्या या पायऱ्या फक्त साम्यासाठी आहेत. एआयचा आकडा त्यांच्यावर बसवता येत नाही, आणि दोघांची बेरीज तर कुठल्याच पायरीवर बसत नाही.

संध्याकाळी तिघं टेबलाशी बसलो. अहवाल एकूण 6000 शब्दांचा होता. आधी साम्य बघितलं.

साम्याचा आकडा काढणारं यंत्र एकच काम करतं. तुमच्या मजकुरातल्या शब्दांच्या ओळी घेऊन इंटरनेटवर, नियतकालिकांत आणि आधी जमा झालेल्या प्रबंधांत त्याच ओळी सापडतात का ते बघतं. सापडली की रंग लावतं, क्रमांक देतं, आणि शेजारी कुठे सापडली ते दाखवतं. त्यामुळे हा आकडा पडताळता येतो. मूळ उघडा, दोन्ही शेजारी ठेवा, डोळ्यांनी बघा. 22 टक्के म्हणजे 1320 शब्द, आणि ते आम्ही एकेक करून मोजले.

त्यातले 480 शब्द शेवटच्या संदर्भसूचीचे निघाले. एकाच विषयावरच्या सगळ्यांची सूची सारखीच असणार, त्यात चोरी कसली? 300 शब्द प्रयोगाच्या कृतीचे होते. पाण्यातली रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजायची तर पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून दोन तास उकळायचं, मग फेरोइन टाकून फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन करायचं. हे वाक्य सगळ्या जगात असंच लिहितात. 180 शब्द सरकारी निकषांचे होते, अवतरणात आणि नाव देऊन घेतलेले. 120 शब्द तिच्याच आधीच्या सेमिनारच्या निबंधातले होते. तो आधी तपासणीला जमा झालेला, म्हणून यंत्राला तो सापडला. (या स्वतःच्याच जुन्या मजकुरामुळे दरवर्षी काही पोरं रडकुंडीला येतात. कच्चा मसुदा तपासताना तो साठ्यात ठेवू नका असं सांगितलं नाही, तर पक्का मसुदा त्याच्याशी जवळजवळ पूर्ण जुळतो.)

उरले 240 शब्द. दुसऱ्या कुणाच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेतला एक परिच्छेद, जसाच्या तसा, अवतरणचिन्हांशिवाय. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काका, नोट्समध्ये उतरवून घेतला होता. नंतर माझाच वाटला."

आयोगाचे नियमच सांगतात की सूची, नाव देऊन घेतलेली अवतरणं, ठरलेल्या संज्ञा वगैरे मोजताना वगळायच्या. कृतीचा परिच्छेद आणि तिचा स्वतःचा निबंध गाईडने बघून ठरवायचे. तेवढं झालं की उरतात 4 टक्के, म्हणजे पहिलीच पायरी, दंड नाही. पण खरी चूक त्या चारातच होती. 22 मधले 18 निरुपद्रवी आणि 4 चुकीचे, हे वरच्या आकड्यावरून कधीच कळलं नसतं. भावाला हे पटकन समजलं. तो म्हणाला, "ताक्यात डाग किती ते मोजून भागत नाही, कुठे पडलाय ते बघावं लागतं."

मग दुसरा आकडा. इथे शेजारी मूळ दिसत नाही, कारण मूळ नसतंच. हे यंत्र कशाशीच जुळवून बघत नाही. ते वाक्यांची चाल बघतं. भाषेचं मॉडेल लिहितं तेव्हा बहुधा पुढचा सर्वांत संभाव्य शब्द निवडत जातं, त्यामुळे मजकूर एकसारखा गुळगुळीत होतो. माणूस मध्येच अनपेक्षित शब्द वापरतो, एक वाक्य लांब तर एक तोकडं लिहितो. यंत्र मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येक वाक्य कुठल्या बाजूचं वाटतं याचा अंदाज करतं. हा अंदाज आहे. त्याला मूळ उघडून पडताळता येत नाही.

आणि हे 38 टक्के कशाचे? सगळ्या 6000 शब्दांचे नाहीत. तक्ते, सूची, मथळे, मुद्द्यांच्या याद्या हे यंत्र मोजत नाही, सलग गद्यच मोजतं. तिच्या अहवालात असं गद्य 3000 शब्दांचं होतं. त्याचे 38 टक्के म्हणजे 1140 शब्द, आणि पूर्ण प्रबंधिकेच्या मानाने हे झाले 19 टक्के. एका आकड्याचा छेद 6000, दुसऱ्याचा 3000. असे दोन आकडे बेरजेला घेता येत नाहीत, हे सातवीच्या गणितातलं.

रंगवलेली पानं शेजारी ठेवली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्या डायक्रोमेटच्या कृतीचे 300 शब्द दोन्हीकडे रंगलेले होते. सगळे तसंच लिहितात म्हणून एकात, आणि पुढचा शब्द आधीच ओळखता येतो म्हणून दुसऱ्यात. ऑफिसातल्या बेरजेत ते दोनदा धरले गेले होते.

दुसरे 540 शब्द आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचे. इथे पोरगी गप्प झाली. मग सांगितलं. पहिल्यांदा तपासलं तेव्हा साम्य 31 आलं होतं आणि एआयचा आकडा 20. दुसऱ्या आकड्याकडे तेव्हा कुणी बघितलंच नाही. सीनिअरने सांगितलं, वाक्यं बदलून देणाऱ्या टूलमध्ये टाक, साम्य उतरतं. तिने टाकलं. साम्य 31 वरून 22 वर उतरलं, म्हणजे बरोबर 540 शब्द, आणि तेच शब्द दुसऱ्या यंत्रात जाऊन रंगले. आकडा 20 वरून 38 वर गेला. सगळा मजकूर मॉडेलकडून लिहून घेतला तर साम्य शून्यही येऊ शकतं, आणि सगळा मजकूर एखाद्या जुन्या पुस्तकातून उतरवला तर दुसरा आकडा शून्य येऊ शकतो. दोन्ही शून्यांत तितकीच फसवणूक असेल.

राहिलेले 300 शब्द तिच्या निष्कर्षाचे. वही उघडली. जानेवारीतल्या तारखा, शाईने लिहिलेली कच्ची वाक्यं, खाडाखोड. तेच पुढे टाइप केलेलं. लॅपटॉपवर त्या फाइलच्या आधीच्या आवृत्त्याही सापडल्या, एकामागून एक वाढत गेलेल्या. हे तिचंच होतं, तरी रंगलं.

का? ती आठवीपर्यंत लिंबायतच्या मराठी शाळेत शिकली. इंग्रजी तिने पुस्तकातून उचललं, त्यामुळे साधे, ठरलेले शब्द आणि सारखी वाक्यरचना. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्या वेळच्या सात शोधयंत्रांना टोफेलच्या परीक्षेतले 91 निबंध दिले. ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले होते. यंत्रांनी सरासरी 61 टक्के निबंध मशीनचे ठरवले. नंतरची यंत्रं सुधारली असतील, पण बनवणारेही सांभाळूनच बोलतात. टर्निटिन आपल्या अहवालात 1 ते 19 टक्क्यांमध्ये आकडाच दाखवत नाही, नुसती चांदणी दाखवतं, कारण तिथे चुकीची शक्यता जास्त. 300 शब्दांपेक्षा लहान मजकूर ते तपासत नाही. केवळ या आकड्यावरून विद्यार्थ्यावर कारवाई करू नका, असंही ते स्वतःच सांगतात.

तर 1140 शब्दांत तीन प्रकार होते: सगळ्यांचे सारखे, टूलने बदललेले आणि खरोखर तिचे. तिन्हींवर रंग एकच. फरक कळला तो वहीवरून, फाइलच्या आवृत्त्यांवरून आणि तिला विचारल्यावरून.

दुसऱ्या दिवशी ती गाईड मॅडमना भेटली. मी बरोबर गेलो नाही, ते तिने एकटीने करावं असं मला वाटलं. वही नेली, टूलचं आपणहून सांगितलं. मॅडम रागावल्या, आणि तो राग योग्यच होता. पण निष्कर्षातलं एकेक वाक्य विचारून घेतलं आणि तिला सगळं सांगता आलं. आढावा पुन्हा लिहायला तीन आठवडे दिले.

तिने आढाव्यात जिथे दुसऱ्याचेच शब्द हवे होते तिथे ते अवतरणात मूळ रूपात परत आणले, नाव देऊन. असे 180 शब्द भरले. बाकीचं पुस्तक मिटून आपल्या इंग्रजीत लिहिलं. तो 240 शब्दांचा परिच्छेदही अवतरणात गेला.

नवा अहवाल आला. काहीही न वगळता साम्य 22 वरून 25 वर चढलं होतं. भावाचा पुन्हा फोन, "दादा, वाढलं की!" मी म्हटलं, अवतरणं वगळून बघ. एआयचा आकडा परत 20 वर आला होता, म्हणजे कृती आणि निष्कर्ष अजून रंगलेलेच. निष्कर्षाच्या पानाच्या समासात मॅडमनी पेन्सिलने लिहिलं होतं, "मूळ वही पाहिली", आणि खाली तारीख आणि सही.