बंपर निम्मा, काच पूर्ण

पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि मागून येणारी गाडी त्यावर आदळली, असं धरू. गाडी साडेचार वर्षांची, इंजिन १२०० सीसीचं. गॅरेजने करासहित ३४,५०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. विमा कंपनीचा सर्व्हेअर आपल्या अहवालात भरपाई लिहितो २३,८०० रुपये. मधले पैसे गेले कुठे?

सर्व्हेअर आधी गाडी पाहतो, मग कागद. एस्टिमेटमध्ये मागच्या डाव्या दाराच्या डेंटिंग-पेंटिंगचे ३,५०० रुपये लावलेले असतात. धडक बसली समोरून, आणि दारावरच्या ओरखड्यात गंज धरलेला. कालच्या अपघाताचा पत्रा एवढ्यात गंजत नाही. तो फोटो अहवालाला जोडला जातो, दार वगळलं जातं आणि उरतात ३१,००० रुपये.

आता घसारा. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर सरसकट ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर मात्र शून्य. धातूच्या भागांचा घसारा वयानुसार ठरतो: पहिले सहा महिने काहीच नाही, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, दहा वर्षांनंतर निम्मा. त्यामुळे ४,००० रुपयांच्या बंपरचे २,००० धरले जातात आणि ८,००० च्या बोनेटचे ५,२००. पुढची काच ६,००० ची, ती पूर्ण. मजुरी ५,००० ची, तीही पूर्ण, कारण घसारा वस्तूला लागतो, कामाला नाही. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग रंगसाहित्याचा मानतात आणि फक्त त्यावर निम्मा घसारा लावतात. म्हणजे ८,००० पैकी कापले जातात १,०००. हा हिशेब गाडीमालकाला सहसा कोणी समजावून सांगत नाही आणि वादाची सुरुवात बहुधा इथेच होते.

बेरीज झाली २५,२०० रुपये. जुन्या बोनेटच्या भंगाराचे ४०० आणि पॉलिसीतली सक्तीची १,००० रुपयांची वजावट गेली की २३,८०० उरतात.

खरी परीक्षा बोनेटची. ते बदलायचं की ठोकून सरळ करायचं? गॅरेजचा कल बदलण्याकडे असतो, कंपनीचा दुरुस्तीकडे. ‘बोनेट खराब’ एवढ्या शेऱ्यावर नवं बोनेट मंजूर होणं कठीण. ‘बिजागरीजवळ पत्रा फाटला आहे, आतली पट्टी दुमडली आहे’ असं लिहून जवळून काढलेला फोटो जोडला, तर बदलण्याचा खर्च पटतो. गाडी खोलल्यावर आत फुटलेला रेडिएटर सापडला, तर पुरवणी एस्टिमेट द्यायचं. पण तो काढून फेकण्याआधी सर्व्हेअरला दाखवायचा.

एस्टिमेट हा अंदाज, बिल हा पुरावा. नवं बोनेट मंजूर करून घेतलं आणि जुनंच ठोकून बसवलं, तर सुट्या भागांच्या बिलात आणि दुरुस्तीनंतरच्या तपासणीत ते उघडं पडतं. टोइंगची पावतीही जपून ठेवावी. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत त्यासाठी १,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते.

याच गाडीवर ‘झिरो डेप’ असतं, तर बंपर, बोनेट आणि रंगाची कपात टळून हातात २९,६०० आले असते. भंगाराचे ४०० आणि वजावटीचे १,००० तेव्हाही गेलेच असते.