दहा टक्के कुणी ठरवले?

बांधकामाच्या अंदाजपत्रकात खोदाईपासून रंगकामापर्यंत सगळ्या बाबींची बेरीज झाली, की तळाशी एक ओळ येते: आकस्मिक खर्च. साइटवर तिला सरसकट कंटिन्जन्सी म्हणतात. सरकारी कामात ती साधारण 3 ते 5 टक्के धरतात. खासगी कामात 5 किंवा 10 असा गोल आकडा टाकला जातो, आणि तो का टाकला हे बहुतेकदा कुणी विचारत नाही. खरे तर प्रकल्प हाती घ्यायचा की नाही, याचा निकाल ही एक ओळ फिरवू शकते.

तासगाव-सांगली भागात बेदाणा ठेवण्यासाठी शीतगृहे बांधली जातात. तसे एक शीतगृह उदाहरणासाठी घेऊ. यातले आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत. जमीन हाताशी आहे, बांधकाम आणि यंत्रसामग्रीचा खर्च 10 कोटी. भाड्यातून वीजबिल, पगार, देखभाल आणि कर वजा जाता दरवर्षी 1 कोटी 80 लाख उरतात, आणि हे 12 वर्षे चालेल. मालकाला आपल्या पैशावर किमान 12 टक्के परतावा हवा आहे.

बारा वर्षांची साधी बेरीज 21 कोटी 60 लाख होते. पण पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो. म्हणून प्रत्येक वर्षाची रक्कम 12 टक्क्यांच्या हिशेबाने आजच्या किमतीत आणावी लागते. तशी आणली की बेरीज 11 कोटी 15 लाखांवर येते. त्यातून आज घालायचे 10 कोटी वजा केले की उरतात 1 कोटी 15 लाख. हेच निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. ते शून्याच्या वर असेल तर प्रकल्प करावा, खाली गेले तर पैसा दुसरीकडे लावावा.

आता तळाची ओळ भरू. कंटिन्जन्सी 5 टक्के धरली तर एनपीव्ही 65 लाख राहते. 10 टक्क्यांना फक्त 15 लाख. 15 टक्के धरली तर ते 35 लाखांनी उणे होते. उत्पन्नाचा रुपया पुढच्या वर्षांत येतो म्हणून तो आजच्या किमतीत आणताना घटतो. कंटिन्जन्सीचा रुपया मात्र सुरुवातीलाच जातो, म्हणून तो पूर्णच्या पूर्ण वजा होतो. खर्च झालाच तर त्यावर घसारा मिळतो आणि करात रुपयामागे दहा-अकरा पैसे वाचू शकतात, पण त्याने चित्र पालटत नाही. या शीतगृहाचा काठ साडेअकरा टक्क्यांवर आहे. इतक्या अरुंद काठावर गोल आकडा टाकणे म्हणजे निर्णय नशिबावर सोडणे.

मग आकडा काढायचा कसा? काय काय बिघडू शकते ते एकेक करून लिहायचे, किमतीसह आणि शक्यतेसह. जमीन काळी आहे. मुरूम अपेक्षेपेक्षा खोल लागला तर पाया बदलावा लागेल: 60 लाख, शक्यता शंभरात 40. सळई आणि इन्सुलेटेड पॅनलचे भाव चढले तर 40 लाख, शक्यता 50. वीज कंपनीने लांबून वेगळी लाइन ओढायला लावली तर 30 लाख, शक्यता 30. आणि नकाशात सुटलेल्या बारीकसारीक गोष्टी, ज्यांची बिले एक्स्ट्रा आयटम म्हणून येतातच, त्यांचे 20 लाख नक्की धरायचे. प्रत्येक रक्कम तिच्या शक्यतेने गुणली की 24, 20 आणि 9 लाख होतात; नक्कीचे 20 मिळवले की 73 लाख. हा सरासरी अपेक्षित जादा खर्च. एनपीव्हीत हाच आकडा घालायला हवा, आणि मग ते 42 लाख येते.

पण पैशाची तजवीज करताना 73 लाख पुरत नाहीत. वरच्या तीन जोखमी एकमेकींपासून स्वतंत्र मानून त्यांच्या सगळ्या जुळण्या तपासल्या, तर शंभरपैकी 80 वेळा जादा खर्च 1 कोटी 10 लाखांच्या आत राहतो. बँकेकडून मंजुरी घेताना या रकमेची सोय हवी, नाहीतर काम स्लॅबवर येऊन थांबते. माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत इथे होते: मंजुरीसाठीची मोठी रक्कम जशीच्या तशी एनपीव्हीत घातली जाते. तसे केले तर या प्रकल्पाचे मूल्य 5 लाखांवर येते आणि तो नाकारला जाण्याची वेळ येते. त्याच भीतीपोटी कुणी परताव्याचा दरही 12 वरून 14 टक्क्यांवर नेतो. तेवढ्यानेच, एक रुपया कंटिन्जन्सी न धरता, एनपीव्ही 19 लाखांवर घसरते. एकाच जोखमीची किंमत दोनदा वसूल झाली की चांगला प्रकल्पही कागदावर मरतो.

उलट बाजूची चूक अधिक महागात पडते. ब्रिटनमध्ये मॉट मॅकडोनल्ड या सल्लागार संस्थेने 2002 मध्ये मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांचे जुने अंदाज आणि झालेला खर्च ताडून पाहिला. त्यावरून तिथल्या अर्थखात्याने सुरुवातीच्या अंदाजांवर चढवायच्या वाढीच्या वरच्या मर्यादा दिल्या: साध्या इमारतींना 24 टक्के, नेहमीच्या स्थापत्य कामांना 44, वेगळ्या धाटणीच्या स्थापत्य कामांना 66. अंदाज बांधणारा माणूस आपल्याच प्रकल्पाकडे आशेने पाहतो, हे तिथे गृहीतच धरले आहे. जोखीम कशी आवरली हे दाखवता आले, तरच ती टक्केवारी उतरवायला मुभा मिळते.

आपल्या शीतगृहात ती उतरवायचा मार्ग म्हणजे माती तपासणी. दोन-तीन लाखांत काही बोअर घेऊन मुरूम किती खोल आहे ते कळते. तो वरच लागला तर 24 लाख यादीतून गळतात, अपेक्षित जादा खर्च 49 लाखांवर येतो आणि एनपीव्ही 66 लाख होते. खोल लागला तर पायाचे 60 लाख नक्की होतात आणि एनपीव्ही जेमतेम 6 लाख उरते. पण ही बातमी खड्डे खणण्याआधी मिळते. जागा बदलता येते, इमारत हलकी करता येते. तरीही अनेक मालक हे दोन-तीन लाख वाचवतात आणि अंदाजपत्रकात 10 टक्के लिहून मोकळे होतात. हे मला कधीच पटलेले नाही.

कंटिन्जन्सी काय झाकत नाही, तेही पाहायला हवे. शीतगृह वर्षभर उशिरा सुरू झाले तर पुढचे सगळे उत्पन्न एक वर्ष मागे सरकते, आणि 11 कोटी 15 लाखांचे 9 कोटी 96 लाख होतात. म्हणजे 1 कोटी 19 लाखांचा फटका, दहा टक्के कंटिन्जन्सीपेक्षाही मोठा, आणि बांधकामाच्या एकाही बिलात तो दिसत नाही. तो वेळापत्रकातून काढून वेगळा मांडावा लागतो. बेदाण्याचा हंगाम चुकला तर वर्षच हातचे जाते, म्हणून इथे ही शक्यता नुसती कागदी नाही.

काम सुरू झाल्यावर या रकमेवर नजर ठेवायची रीत सोपी आहे. प्रत्येक आरए बिलासोबत दोन टक्केवाऱ्या लिहायच्या: काम किती झाले, आणि कंटिन्जन्सी किती उरली. जोत्यापर्यंत काम एक चतुर्थांश झाले असताना निम्मी कंटिन्जन्सी गेली असेल, तर ती कशावर गेली ते बघायचे. पायावर गेली असेल तर ठीक. तो धोका यादीत होता आणि आता संपला. कंपाउंडची भिंत उंच करण्यात किंवा ऑफिसच्या फरशीत गेली असेल, तर ती आकस्मिक नव्हती. त्या भिंतीने भाडे वाढत नाही, एनपीव्ही मात्र तेवढेच कमी होते. अशा खर्चाला वेगळी मंजुरी घ्यायची आणि ती रक्कम कंटिन्जन्सीत परत भरायची. पॅनलची ऑर्डर आणि विजेची जोडणी ही दोन मोठी कामे अजून पुढे असतात.