काचबिंदू : पिलोकार्पिन आधी की नंतर?

मागच्या भागात आपण उघड्या कोनाचा काचबिंदू पाहिला. त्यात पाणी निचऱ्याच्या जाळीपर्यंत पोहोचतं, पण जाळीच नीट झिरपू देत नाही. दाब हळूहळू वाढतो, दुखत काहीच नाही. आज बंद कोनाचा तीव्र झटका घेऊ. इथे आयरिसच पुढे सरकून जाळीचं तोंड बंद करते आणि दाब काही तासांत चढतो.

मी जबलपूरला विद्यार्थ्यांची उत्तरं तपासतो. या प्रश्नात बहुतेकांची पहिली ओळ ठरलेली असते: ‘पिलोकार्पिनचे थेंब टाका.’ औषध बरोबर, वेळ चुकीची.

समजा, ५८ वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या बाई आल्या आहेत. एक डोळा लाल, अर्धं डोकं फुटतंय, उलट्या चालू, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. (अशा पेशंटला आधी पित्ताची गोळी मिळालेली असते, हे तोंडी परीक्षेत जरूर सांगा.) कॉर्निया धुरकट आहे. बाहुली अर्धवट मोठी, उभट, उजेडाला न हलणारी. दाब ५६ मिलिमीटर पारा; सामान्यतः तो १० ते २१ असतो.

इतक्या दाबाखाली बाहुली आवळणाऱ्या स्नायूला रक्तच पोहोचत नाही. तो पिलोकार्पिनला दाद देणार कसा? उलट, वारंवार थेंब टाकले तर भिंग पुढे सरकून अडथळा वाढू शकतो.

म्हणून आधी दाब उतरवा. २० टक्के मॅनिटॉल, किलोला १ ग्रॅम धरलं तर ५० ग्रॅम, म्हणजे २५० मिलिलिटर, शिरेतून ३० ते ४५ मिनिटांत. ते रक्ताकडे पाणी ओढतं, त्यामुळे हृदय किंवा किडनी निकामी असेल तर देऊ नका. सोबत अ‍ॅसिटाझोलामाइड ५०० मिलिग्रॅम. हे पाणी तयार होणंच कमी करतं. उलट्या असतील तर गोळी पोटात टिकत नाही, तेव्हा इंजेक्शन. सल्फाची तीव्र अ‍ॅलर्जी विचारून घ्या. टिमोलॉल ०.५ टक्क्याचा थेंबही टाका, पण दमा असेल तर नाही. डोळ्यातला थेंब नाकावाटे शोषला जाऊन श्वासनलिका आवळू शकतो.

आता दाब ४० च्या खाली आला, की पिलोकार्पिन २ टक्के. बाहुली लहान होते, आयरिस ताणली जाऊन कोनापासून सुटते.

इथे उत्तर थांबवू नका. दाब उतरला तरी मूळ अडथळा तसाच आहे: बाहुलीपाशी अडलेलं पाणी मागून आयरिसला पुढे ढकलतं. कॉर्निया स्वच्छ झाल्यावर लेझरने आयरिसला बारीक छिद्र पाडा, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. दुसऱ्या डोळ्यालाही तेच करा, कारण त्याची ठेवण तशीच असते. हे वाक्य मला दहांतल्या दोन वह्यांत सापडलं तरी खूप.