पत्ते पाच, मेल एक!

पोलीस व्हेरिफिकेशन लागेल, पाच वर्षांचे पत्ते पाठवा. रिक्रूटरचा मेल वाचून माझी मैत्रीण हबकलीच. घर सडक अर्जुनीला, मग नागपूरचं हॉस्टेल, पुण्यात तीन पीजी! मी म्हटलं, आधी विचार, प्रमाणपत्र नेमकं कुठलं? पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं. इथल्या नोकरीला त्या-त्या पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र लागतं. तिच्या बाबतीत पुणे, कदाचित गोंदियाही.

मग महिन्यांसकट यादी, एकही गॅप नाही. एका पीजीचा करारच नव्हता. तिथे तिने सरळ लिहिलं, 'जून ते ऑक्टोबर, करार नाही, भाडं ट्रान्सफर केल्याचं बँक स्टेटमेंट जोडलंय. आधारवर सडक अर्जुनीचाच पत्ता आहे.' डुग्गीपार ठाण्याचे पोलीस घरी चौकशीला येऊ शकतात, म्हणून आईलाही फोन करून ठेवला.