मॉर्फिनची भीती चुकीच्या जागी

मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या चार वर्षांच्या मुलाला तोंडावाटे मॉर्फिन लिहून दिलं, की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, पोराला सवय तर नाही ना लागणार?" मग कुणी काका औषध बंद करायला सांगतात आणि पोरगं रात्रभर कळवळतं.

दुखणं नसतानाही औषधाची ओढ लागणं, नुकसान दिसत असूनही ते घेत राहणं, याला व्यसन म्हणतात. वॉर्डात दोन-तीन दिवस मोजून दिलेल्या डोसांनी तसं होण्याची शक्यता अगदी थोडी. आठवडाभर किंवा जास्त दिवस रोज दिलं तर शरीर सरावतं आणि एकदम तोडल्यावर घाम, चिडचिड, जुलाब होतात. म्हणून अशा वेळी डोस हळूहळू उतरवतात. याला व्यसन म्हणत नाहीत, हे किती वेळा सांगायचं?

खरी भीती मापाची हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२च्या मार्गदर्शिकेत, आधी अफूवर्गीय औषध न घेतलेल्या २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी सुरुवातीचा डोस वजनाच्या दर किलोला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम, दर चार तासांनी, एका वेळी ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, असा होता. ती मार्गदर्शिका दीर्घकाळच्या दुखण्यासाठी होती आणि २०१९मध्ये मागे घेतली गेली. ऑपरेशननंतर खालच्या टोकापासून, गरजेनुसार त्याहूनही कमीपासून सुरू करणं शहाणपणाचं. आपला मुलगा १५ किलोचा, म्हणजे ३ मिलिग्रॅम. बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम' लिहिलं असेल तर ते दीड मिलिलिटर. इथे मिलिग्रॅमलाच मिलिलिटर समजून ३ मिलिलिटर पाजलं तर डोस दुप्पट होतो. चमचा नको, सुईविना सिरिंज घ्या. तान्ह्यांचा डोस याहून बराच कमी असतो आणि तो रुग्णालयातच द्यावा.

बद्धकोष्ठता जवळपास ठरलेली, म्हणून जुलाबाचं सौम्य औषध सुरुवातीपासूनच. खाज, मळमळ, लघवी अडणं हेही होतं. पण श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते, तीच पाहायची. हाक मारली, हलवलं की मूल डोळे उघडून ओळखतं का? श्वास संथ, घोरण्यासारखा, बाहुल्या टाचणीएवढ्या, मूल उठत नाही, तर पुढचा डोस नको आणि मदत ताबडतोब. उतारा नॅलोक्सोन. मूत्रपिंडं अधू असतील तर औषध साचतं. झोपेत श्वास अडकणाऱ्या, टॉन्सिल काढलेल्या मुलाला डोस आणखी कमी लागतो.

'कोडीन सौम्य, तेच द्या' हेही ऐकतो. काही मुलांचं यकृत कोडीनचं झपाट्याने मॉर्फिन करतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेच्या एफडीएने २०१३मध्ये त्या वापराला मनाई केली, २०१७मध्ये १२ वर्षांखालील सर्वच मुलांना.

'मॉर्फिन चालू आहे, पॅरासिटामॉल कशाला?' पॅरासिटामॉल वेळेवर दिलं की मॉर्फिन कमी लागतं.

'झोपलंय म्हणजे दुखत नाही.' थकूनही झोपतं. जागं झालं की विचारा.